शारजात रिसेप्शनची मुलाखत, तीही फुस्हा अरबीत

शारजा म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला १९९८ सालचा सचिन आठवतो. लग्नानंतर इथे राहायला आले तेव्हा मलाही तेवढंच ठाऊक होतं. नंतर हळूहळू कळलं की हे गाव दुबईच्या शेजारी असलं तरी दुबई नाही. इथे दारू मिळत नाही, सगळं वातावरण घरगुती आहे, आणि हॉटेलात उतरणाऱ्यांत सौदी, कुवेत, ओमानहून मुलाबाळांना घेऊन आलेली कुटुंबं खूप असतात. काउंटरवर अरबी बोलणारं माणूस असेल तर त्यांना बरं वाटतं. म्हणूनच खालिद लगूनजवळच्या एका मध्यम हॉटेलच्या जाहिरातीत शेवटी लिहिलं होतं: ‘इजादतुल-’अरबिय्या वल-इंग्लीज़िय्या’, म्हणजे अरबी आणि इंग्रजी दोन्ही चांगल्या यायला हव्यात. वर ठळक अक्षरांत ‘मत्लूब: मुवज़्ज़फ़तु इस्तिक़बाल’, म्हणजे रिसेप्शनिस्ट पाहिजे.

माझ्याकडे हॉटेल व्यवस्थापनाची पदविका होती, पुण्यात फ्रंट ऑफिसला काम केल्याचा अनुभव होता आणि मुंबईत शिकलेली अरबी होती. पण ती अरबी फुस्हा, म्हणजे पुस्तकात, बातम्यांत आणि सरकारी कागदावर असते ती प्रमाण भाषा. घरात आणि बाजारात कुणी ती बोलत नाही. इजिप्तचा माणूस इजिप्ती बोलतो, कुवेतचा कुवेती, शारजाचा अमिराती. तरीही परक्या माणसाची मुलाखत फुस्हातच होते, कारण दोघांच्या मध्ये तेवढीच एक सामाईक भाषा असते. शिवाय पाहुण्यांना जाणारे ईमेल, खोलीत ठेवायची सूचनापत्रं आणि तक्रारींची उत्तरं फुस्हातच लिहायची असतात. तिथे अर्ज करणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून त्या मुलाखतीत काय विचारलं आणि काय बोलावं लागतं ते सविस्तर सांगते.

देवनागरीत अरबी लिहिताना मी एक सोय केली आहे. घशातून काढायचा जो ‘ऐन’ त्याच्या जागी ’ हे चिन्ह टाकलंय. क़, ख़, ग़, ज़, फ़ हे नुक्त्याचे उच्चार हिंदी-उर्दू ऐकणाऱ्यांना माहीत आहेतच. ‘थ’ आणि ‘ध’ मात्र इंग्रजी ‘थिंक’ आणि ‘दॅट’मधल्यासारखे, जीभ दातांत आणून म्हणायचे.

बाहेर बसलेल्या उमेदवारांत एक सीरियन मुलगी होती आणि केरळचा एक मुलगा, जो शाळेपासून अरबी शिकलेला. सीरियन मुलीची अरबी अर्थातच माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार होती, पण तिला इंग्रजीची धास्ती होती. आम्ही तिघं तीन बाजूंनी अपुरे होतो, त्यामुळे गप्पा चांगल्या रंगल्या.

आत दोघं होते. मनुष्यबळ विभागाच्या, म्हणजे ‘अल-मवारिदुल-बशरिय्या’च्या, एक अमिराती बाई आणि फ्रंट ऑफिसचे इजिप्ती व्यवस्थापक. दारातच ‘अस्सलामु ’अलैकुम’ म्हणायचं. उत्तर येतं ‘व ’अलैकुमुस्सलाम’, आणि सांगितल्याशिवाय बसायचं नाही. बाई म्हणाल्या:

— तफ़द्दली बिल-जुलूस. (बसा ना.)

— शुक्रन. व शुक्रन ’अला इताहति हाधिहिल-फ़ुर्सा. (धन्यवाद. आणि ही संधी दिल्याबद्दलही आभारी आहे.)

हे ‘तफ़द्दली’ स्त्रीला म्हणायचं रूप, पुरुषाला ‘तफ़द्दल’. अरबीत आज्ञार्थ, क्रियापद आणि ‘तुमचं’ हे प्रत्ययसुद्धा समोरच्याच्या लिंगानुसार बदलतात. मी बाईंशी बोलताना ‘-कि’ आणि व्यवस्थापकांशी बोलताना ‘-क’ असं दर वाक्यात सांभाळावं लागणार होतं. त्यावर एक सुरक्षित वाट आहे. पाहुण्याशी बोलताना आदरार्थी अनेकवचन वापरायचं, ‘बिकुम’, ‘लकुम’, ‘मुसा’अदतुकुम’. आपण ‘तुम्ही’ म्हणतो तसंच ते ऐकू येतं, एकट्या माणसालाही चालतं, आणि समोर कुटुंब असेल तर सगळ्यांनाच लागू पडतं.

— ’अर्रिफ़ीना बिनफ़्सिक, मिन फ़द्लिक. (आपली ओळख करून द्या.)

इथे लांबण लावायची नाही. मी चार वाक्यं बोलले:

— इस्मी वैशाली. अना मिनल-हिंद, मिन विलायति महाराष्ट्र. हसल्तु ’अला शहादति दिब्लूम फ़ी इदारतिल-फ़नादिक़. व ’अमिल्तु सनतैन फ़ी क़िस्मिल-इस्तिक़बाल, फ़ी फ़ुंदुक़िन फ़ी बूना.

माझं नाव, गाव, हॉटेल व्यवस्थापनाची पदविका आणि पुण्याच्या हॉटेलात रिसेप्शन विभागातली दोन वर्षं. अरबीत ‘प’ नाही, म्हणून पुण्याचं ‘बूना’ होतं, आणि खालच्या ओठाला दात लावून म्हणायचा ‘व’ नाही म्हणून माझं नाव ‘फ़ैशाली’ ऐकू आलं. ते तिथेच सोडून द्यायचं. ‘हसल्तु ’अला’ म्हणजे ‘मिळवलं’. पदवी, प्रमाणपत्र, बक्षीस, सगळ्याला हेच क्रियापद चालतं.

शिकताना सगळ्यांना भीती असते ती शब्दांच्या शेवटच्या स्वरांची. कर्ता असेल तर ‘उ’, कर्म असेल तर ‘अ’, षष्ठीत ‘इ’, असा फुस्हाचा नियम आहे. कुराणपठणात किंवा बातम्यांत ते सगळे स्वर ऐकू येतात. मुलाखतीत तसं बोलायला गेलं तर माणूस व्यासपीठावरून भाषण देतोय असं वाटतं, आणि चुकण्याची शक्यताही वाढते. सुशिक्षित अरब माणूस फुस्हा बोलताना जिथे थांबतो तिथे शेवटचा स्वर गिळतो. ‘फ़िल-फ़ुंदुक़ि’ न म्हणता ‘फ़िल-फ़ुंदुक़’ म्हणतो. दोन शब्द जोडले जातात तिथला स्वर मात्र तो ठेवतो, कारण त्याशिवाय जीभ पुढे सरकत नाही. तेवढा नियम पाळला की बोलणं नैसर्गिक वाटतं. ‘मुवज़्ज़फ़तुल-इस्तिक़बाल’ यात मधला ‘उ’ बोलायचा आणि शेवटी काही नाही.

पुढचे दोन-तीन प्रश्न ठरलेले असतात, त्यामुळे ते लवकर सांगते. ‘ऐन त’अल्लम्तिल-’अरबिय्या?’ म्हणजे अरबी कुठे शिकलात. उत्तर, ‘दरस्तुहा फ़ी मूम्बाय, व मा ज़िल्तु अत’अल्लम’, म्हणजे मुंबईत शिकले आणि अजून शिकतेच आहे. ‘मा ज़िल्तु’ हा तुकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे, त्याने ‘अजूनही’ येतं. ‘मा हिया निक़ातु क़ुव्वतिक?’ म्हणजे तुमच्या जमेच्या बाजू कोणत्या. मी म्हटलं, ‘अतहल्ला बिस्-सब्र, व उजीदुल-’अमल दिम्न फ़रीक़’, म्हणजे माझ्याकडे धीर आहे आणि मला गटात चांगलं काम करता येतं. त्यापाठोपाठ कमकुवत बाजू येतेच, ‘व मा निक़ातु द’फ़िक?’ इथे ‘मी फार परिपूर्णतावादी आहे’ छापाचं उत्तर अरबीत तर आणखी खोटं वाटतं. मी खरं तेच सांगितलं, की अरबी कळफलकावर माझा वेग इंग्रजीपेक्षा कमी आहे आणि त्यावर काम चालू आहे: ‘सुर्’अती फ़िल-किताबति बिल-’अरबिय्या अक़ल्लु मिन्हा बिल-इंग्लीज़िय्या, व अ’मलु ’अला तह्सीनिहा.’ व्यवस्थापकांनी ते लिहून घेतलं. पाहुण्याचं नाव अरबीत टाइप करणं हे रिसेप्शनचं रोजचंच काम, त्यामुळे त्यांना ही माहिती कामाची होती.

एक प्रश्न मात्र नीट ऐकावा लागतो.

— हल लदैकि माने’ मिनल-’अमल फ़िल-मुनावबतिल-लैलिय्या?

‘मुनावबा’ म्हणजे पाळी. रात्रपाळीत काम करायला काही हरकत आहे का, असा प्रश्न आहे. घाईत कान फक्त ‘काम’ आणि ‘रात्र’ पकडतो आणि तोंडातून ‘न’अम’, म्हणजे ‘हो’ निघून जातं. मग अर्थ होतो, हो, हरकत आहे. बरोबर उत्तर: ‘ला, लैस लदय्य अय्यु माने’’, म्हणजे नाही, माझी काही हरकत नाही. केरळच्या मुलाने नंतर सांगितलं की त्यालाही हाच प्रश्न याच शब्दांत विचारला होता. बहुधा ही त्या बाईंची आवडती परीक्षा असावी.

इथपर्यंत सगळं पाठ करून जाता येतं. पुढे व्यवस्थापक उठले, टेबलाच्या पलीकडून माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आता मी कुवेतहून आलोय, बायको आणि चार मुलं गाडीत बसलीत, तुम्ही काउंटरवर आहात. मुलाखतीचा खरा भाग तिथून सुरू झाला. निवड यावरच होते हे त्यांच्या बसण्याउठण्यावरूनच कळत होतं.

— अस्सलामु ’अलैकुम. लदय्य हग्ज़ बिस्म सालिम. ग़ुर्फ़तान मुत्तसिलतान, थलाथ लयालिन.

‘हग्ज़’ हा शब्द पुस्तकात नाही. पुस्तकात ‘हज्ज़’ आहे, म्हणजे बुकिंग. इजिप्ती माणूस फुस्हा बोलतानाही ‘ज’चा ‘ग’ करतो. खरा कुवेती आला असता तर कदाचित ‘ज’चा ‘य’ झाला असता, कारण तिकडे कोंबडीला ‘दजाज’ऐवजी ‘दयाय’ म्हणतात. खाडीकडच्या बोलीत ‘क़’चा बऱ्याचदा ‘ग’ होतो, आणि ‘क़ह्वा’ची ‘गह्वा’ होते. एवढी तीन अदलाबदल कानाला ठाऊक असली तर फुस्हा शिकलेल्या माणसाला पाहुण्याचं निम्मं बोलणं सुटतं. उत्तर मात्र आपण आपल्या फुस्हातच द्यायचं. अर्धवट बोलीची नक्कल केली तर ती चेष्टा वाटते.

— व ’अलैकुमुस्सलाम. अहलन व सहलन बिकुम. हल युमकिनुनी रुअ्यतु जवाज़िस्-सफ़र औ बिताक़तिल-हुविय्या?

पासपोर्ट किंवा ओळखपत्र पाहू शकते का, असं मी विचारलं. यातलं ‘किंवा ओळखपत्र’ महत्त्वाचं आहे. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांचे नागरिक एकमेकांच्या देशात नुसत्या राष्ट्रीय ओळखपत्रावर जाऊ शकतात. कुवेतच्या माणसाकडे नुसता पासपोर्टच मागितला तर तो म्हणणार, तो आणलाच नाही. बाई इथे पहिल्यांदा हसल्या.

या वाक्याची बांधणी एकदा समजून घेतली की बरंच काम होतं. ‘युमकिनुनी’ म्हणजे ‘मला शक्य आहे’, आणि त्यापुढे क्रियापद न लावता क्रियेचं नाव लावायचं, ज्याला अरबी व्याकरणात ‘मस्दर’ म्हणतात: रुअ्या (पाहणं), मुसा’अदा (मदत करणं), तह्वील (जोडून देणं, फिरवणं), तग़्यीर (बदलणं). क्रियापद आलं की त्याचं रूप चालवावं लागतं, पुरुष-लिंग-वचन पाहावं लागतं. मस्दर मात्र आहे तसा बसतो. सुरुवातीला ‘हल’ जोडलं की त्याचाच प्रश्न होतो. भविष्यकाळासाठी क्रियापदाला नुसता ‘स’ लावायचा: ‘स-अतहक़्क़क़ु’ म्हणजे तपासून पाहते. काउंटरवरची बहुतेक वाक्यं या दोन साच्यांत बसतात.

— लह्ज़तन मिन फ़द्लिक, स-अतहक़्क़क़ु मिनल-हज्ज़. (एक क्षण, बुकिंग पाहते.)

व्यवस्थापकांनी एक कागद पुढे सरकवला. समजा हा तुमचा पडदा. त्यावर सालिम या नावाने दोन खोल्या होत्या, पण खोल्यांचे आकडे अरबी अंकांत आणि मजले वेगवेगळे. मराठी डोळ्यांनी इथे जपून वाचावं लागतं. अरबी अंकांत गोल, अगदी आपल्या शून्यासारखं दिसणारं चिन्ह म्हणजे पाच. शून्य म्हणजे नुसता ठिपका. अमिरातीत दोन्ही तऱ्हेचे अंक दिसतात, पण हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर अरबी अंकच सापडतात. ‘३५०’ लिहिलेलं घाईत ‘३०’ आणि पुढे काहीतरी डाग, असं वाचलं जाऊ शकतं.

— अ’तधिरु मिन्कुम. यज़्हरु लदय्यल-हज्ज़, लाकिन्नल-ग़ुर्फ़तैन फ़ी ताबिक़ैन मुख़्तलिफ़ैन. (माफ करा. बुकिंग दिसतंय, पण दोन्ही खोल्या वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत.)

— हाधा ग़ैरु मक़बूल! म’ई अत्फ़ाल! (हे चालणार नाही! बरोबर मुलं आहेत!)

ते खरंच ओरडले. शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं.

— अतफ़ह्हमु धालिक तमामन. अम्हिलनी ख़म्स दक़ाइक़, व स-अब्हथु लकुम ’अन हल्ल. (तुमचं म्हणणं मला पूर्ण समजतं. पाच मिनिटं द्या, मी मार्ग काढते.)

‘इन्शाल्ला’ हा शब्द इथे टाळायचा, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. नमस्कार-चमत्कारात, निरोप घेताना तो हवाच. पण चिडलेल्या पाहुण्याला ‘होईल, इन्शाल्ला’ म्हटलं तर त्याला ते टोलवणं वाटतं. त्याऐवजी वेळ सांगायची. ‘ख़म्स दक़ाइक़’ म्हणजे पाच मिनिटं, ‘ख़िलाल निस्फ़ि सा’आ’ म्हणजे अर्ध्या तासात. आणि ती वेळ पाळायची. खोलीतला एसी बंद असल्याच्या तक्रारीलाही हेच लागू. ‘अल-मुकय्यिफ़ ला य’मल’ असं आलं की ‘स-उर्सिलुल-फ़न्नी हालन’, लगेच तंत्रज्ञ पाठवते, म्हणायचं आणि जोडीला किती वेळात ते सांगायचं.

कागदावर खाली रिकाम्या खोल्यांची यादी होती. मी पाहुण्यासमोर दोन पर्याय ठेवले:

— युमकिनुना अन नुक़द्दिम लकुम जनाहन बि-ग़ुर्फ़तै नौम, औ ग़ुर्फ़तैन मुतजाविरतैन फ़ित्-ताबिक़ि नफ़्सिह. अय्यहुमा तुफ़द्दिलून?

‘जनाह’ म्हणजे स्वीट, इथे दोन शयनखोल्यांचा. दुसरा पर्याय त्याच मजल्यावरच्या शेजारशेजारच्या खोल्या. ‘मुत्तसिलतान’ म्हणजे आतून दार असलेल्या जोडखोल्या आणि ‘मुतजाविरतान’ म्हणजे नुसत्या शेजारच्या. बुकिंग घेताना यांतलं नेमकं काय कबूल केलं ते लिहिलं नाही तर काउंटरवर भांडण ठरलेलं. लहान मुलं असलेल्या आईबापांना आतलं दार हवं असतं. शेजारच्या खोल्यांत रात्री मुलाने दार वाजवलं तर त्याला व्हरांड्यात यावं लागतं.

व्यवस्थापकांनी लगेच हिशेब काढला:

— कमिल-फ़र्क़ु फ़िस्-सि’र? (दरात फरक किती?)

कागदावर एका खोलीचे ३२५ दिरहम, म्हणजे दोन खोल्यांचे ६५०, आणि स्वीटचे ७७५ होते. फरक १२५ दिरहम, एका रात्रीचा. अरबीत तो असा म्हणायचा: ‘मिआ व ख़म्सा व ’इश्रून दिर्हमन, लिल-लैलतिल-वाहिदा.’ शंभर, आणि पाच, आणि वीस. इंग्रजीतून अरबी शिकणाऱ्याला एकक आधी आणि दशक नंतर ही गोष्ट जड जाते. आपल्याला पंचवीस म्हणायची लहानपणापासून सवय आहे, पाच आधी आणि वीस मागून. म्हणून मी इंग्रजीतून उलटा विचार करणं सोडून थेट मराठीतून अरबीत जाते. आकडे पटापट येतात.

आकड्यापुढच्या नामाचा नियम मात्र शिकूनच घ्यावा लागतो, आणि हॉटेलात त्याची गाठ रोज पडते. दोन रात्रींना आकडा लागतच नाही, ‘लैलतान’ या शब्दातच दोन येतात, वाक्यात कर्म म्हणून किंवा अव्ययानंतर आला की ‘लैलतैन’. तीन ते दहापर्यंत नाम अनेकवचनी, आणि आकड्याचं लिंग नामाच्या उलट. रात्र स्त्रीलिंगी, म्हणून ‘थलाथ लयालिन’. दिवस पुल्लिंगी, म्हणून ‘थलाथतु अय्याम’. अकरा ते नव्व्याण्णव नाम पुन्हा एकवचनी आणि शेवटी ‘अन’, म्हणून ‘’इश्रून दिर्हमन’. कुणी चुकून ‘थलाथतु लयालिन’ म्हटलं तर पाहुणा समजून घेतो, अरब लोकही बोलीत हे सगळं मोडतात. पण मुलाखत घेणारा जर फुस्हाची परीक्षा पाहत असेल तर नेमका इथेच कान लावून बसतो. निदान रात्री, दिवस आणि दिरहम या तीन शब्दांसोबत एक ते वीस आकडे तोंडपाठ असावेत. बाकी मग हळूहळू येतं.

पुढचा प्रश्न मी अपेक्षिलाच होता.

— व लिमाधा अद्फ़’? अल-ख़तअ् ख़तउकुम! (मी का पैसे भरू? चूक तुमची आहे!)

चांगली माणसं इथेच अडकतात. चूक खरंच हॉटेलची आहे, पाहुणा चिडलाय, मुलं रडताहेत, मग ‘ठीक आहे, फरक माफ’ असं म्हणावंसं वाटतं. रिसेप्शनिस्टला तो अधिकार बहुतेक ठिकाणी नसतो. आणि नियम दाखवून थेट ‘नाही’ म्हणणंही चालत नाही. मी म्हटलं:

— म’कुमुल-हक़्क़. स-अ’रिदुल-अम्र ’अलल-मुदीर हालन, लाकिन ला अस्तती’उ अन अ’इदकुम क़ब्ल मुवाफ़क़तिह. (तुमचं बरोबर आहे. मी हे आत्ता व्यवस्थापकांपुढे ठेवते, पण त्यांच्या होकाराआधी तुम्हाला शब्द देऊ शकत नाही.)

‘म’कुमुल-हक़्क़’ म्हणजे ‘तुमच्या बाजूने न्याय आहे’. हे ऐकल्यावर चिडलेल्या माणसाचा आवाज खाली येतो, हे मी नंतर काउंटरवर अनेकदा पाहिलं. व्यवस्थापकांनी मान हलवली आणि खुर्चीत जाऊन बसले. सालिमसाहेबांचं नाटक तिथे संपलं.

मग फोनचा प्रसंग. त्यांनी कानाला मोबाइल लावला आणि सांगितलं, मला ४१२ नंबरच्या खोलीत कोण उतरलंय ते सांगा. नाही तर निदान अमुक बाई कुठल्या खोलीत आहेत ते तरी. याचं उत्तर जगभर एकच आहे, पण ते सभ्य फुस्हात बसवावं लागतं:

— ’उध्रन, ला युमकिनुनल-इफ़्साहु ’अन रक़्मि ग़ुर्फ़तिन-नज़ील. लाकिन युमकिनुनी तह्वीलुल-मुकालमा. मनिल-मुतहद्दिथ, मिन फ़द्लिक?

माफ करा, पाहुण्याच्या खोलीचा क्रमांक आम्ही सांगू शकत नाही. फोन जोडून देऊ शकते. आपण कोण बोलताय? ‘नज़ील’ हा हॉटेलात उतरलेल्या माणसासाठीचा नेमका शब्द, नोंदवहीत तोच असतो. तोंडावर मात्र ‘दैफ़’, म्हणजे पाहुणा, म्हणतात. खोलीत कुणी उचललं नाही तर ‘हल तवद्दु तर्क रिसाला?’, निरोप ठेवायचा आहे का.

शेवटी पगाराचा विषय बाईंनी काढला.

— कमिर्-रातिबुल-लधी ततवक़्क़’ईनह? (किती पगाराची अपेक्षा आहे?)

लगेच आकडा सांगू नये, असं मला आधीच एकीने सांगून ठेवलं होतं. मी विचारलं:

— अवद्दु अव्वलन अन अ’रिफ़ मा यश्मलुहुल-’अर्द. अस्-सकन, वल-मुवासलात, वत्-तअ्मीनुस्-सिह्ही? (आधी देऊ केलेल्या पगारात काय काय धरलंय ते कळलं तर बरं. राहणं, प्रवास, आरोग्य विमा?)

बाईंनी एकूण आकडा सांगितला. मग मी ‘व कमिर्-रातिबुल-असासी?’, म्हणजे त्यात मूळ पगार किती, असं विचारलं. हा प्रश्न उद्धट नाही, उलट इथली माणसं तो अपेक्षितच धरतात. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजली जाते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार असा इथल्या कायद्याचा हिशेब आहे. भत्ते फुगवून मूळ पगार लहान दाखवला तर एकूण आकडा छान दिसतो आणि शेवटी हातात थोडंच पडतं. सुट्टी वर्षाला ३० दिवस कायद्यानेच आहे, त्यामुळे ‘अल-इजाज़तुस्-सनविय्या’बद्दल घासाघीस करायची गरज नाही. ‘फ़त्रतुल-इख़्तिबार’, म्हणजे परीविक्षा, मात्र विचारून घ्यावी. ती सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि त्या काळात मालकाला काढायचं असलं तरी १४ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. भरतीसाठी पैसे मागणारा कुणी भेटला तर तिथूनच परत फिरायचं, तो खर्च कायद्याने मालकाचा आहे.

मी आकडा सांगितला, बाईंनी थोडा खाली आणला, दोघी मध्ये कुठेतरी थांबलो. उठताना त्यांनी विचारलं:

— मता युमकिनुकि मुबाशरतुल-’अमल? (कामाला कधी रुजू होऊ शकाल?)

बऱ्याच जणी उत्साहात ‘ग़दन’, म्हणजे उद्या, म्हणतात. मी नवऱ्याच्या व्हिसावर होते, आणि त्या व्हिसावर राहता येतं पण कामगार मंत्रालयाचा परवाना आल्याशिवाय काम करता येत नाही. म्हणून मी म्हटलं, ‘ब’द सुदूरि तस्रीहिल-’अमल’, म्हणजे कामाचा परवाना निघाल्यानंतर. व्यवस्थापकांनी दोन दिवस नुसतं काउंटरवर उभं राहून बघून जा, असं सुचवून पाहिलं. बाईंनीच त्यांना थांबवलं आणि मला कागदपत्रांची यादी दिली: पासपोर्ट, व्हिसाची प्रत, फोटो आणि साक्षांकित पदविका. ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजी दोन्हीत आलं. दोन्हींत फरक निघाला तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात, म्हणून मी आधी अरबी बाजू वाचली आणि मूळ पगाराच्या ओळीवर बोट ठेवून आकडा ताडून पाहिला.